आढाव्यातला परिच्छेद आडनावाने सुरू होतो का?

एम.एड.च्या प्रबंधातला संबंधित साहित्याचा आढावा पुन्हा वाचा आणि प्रत्येक परिच्छेदाचा पहिलाच शब्द पाहा. ओळीने संशोधकांची आडनावं असतील, तर तो आढावा नाही, सारांशांची माळ आहे.

समजा विषय आहे पुणे मनपाच्या मराठी शाळांतल्या तिसरीच्या मुलांचं वाचन. जयकर ग्रंथालयात आणि शोधगंगेवर मिळालेले 20 अभ्यास एका तक्त्यात घाला: नमुना कोणाचा, चाचणी कसली, मुलांची घरची भाषा नोंदवली का, निष्कर्ष काय. आता तक्ता आडवा नाही, उभा वाचा. समजा बहुतेकांनी प्रकट वाचनाचा वेगच मोजलाय आणि घरची भाषा कुणीच विचारलेली नाही. मग परिच्छेदाचं पहिलं वाक्य तुमचं होतं: ‘या अभ्यासांत वाचन म्हणजे वेग, आणि सगळी मुलं घरी मराठी बोलतात असं गृहीत धरलं आहे.’ आडनावं त्यामागे, कंसात, पुराव्यादाखल.

‘पुण्यात असा अभ्यास झालेला नाही’ एवढ्याने उणीव सिद्ध होत नाही. (तसा तो बारामतीतही झालेला नसेल!) जुना निष्कर्ष इथे का डळमळेल, ते सांगावं लागतं: बांधकामावरच्या कुटुंबातलं, घरी कन्नड बोलणारं मूल अक्षरं जुळवून धडा घडाघडा वाचेल, पण अर्थ विचारला की गप्प बसेल. वेगाच्या चाचणीत ते उत्तम वाचकच ठरतं.

आणि ‘कुणीच केलेलं नाही’ऐवजी ‘पाहिलेल्या 20 अभ्यासांत आढळलं नाही’ असं लिहा; तोंडी परीक्षेत एकविसावा अभ्यास कुणीतरी काढतंच.