क्लचच्या टॉर्कचं गणित: समान दाब, समान झीज आणि हमखास होणाऱ्या चुका

सिंगल प्लेट क्लचची दोन्ही सूत्रं विद्यार्थ्यांना पाठ असतात, तरी उत्तर चुकतं. उत्तरपत्रिका तपासताना मला चूक बहुतेक वेळा सूत्राच्या आधीच सापडते: गणितात एकूण अक्षीय बल दिलं आहे की जास्तीत जास्त दाब, हे नीट पाहिलेलंच नसतं.

एकच उदाहरण घेऊ. क्लच प्लेटच्या लायनिंगचा बाहेरचा व्यास २०० मिमी, आतला १२० मिमी, घर्षणगुणांक ०.३, दाबाची मर्यादा ०.२५ न्यूटन प्रति चौ. मिमी आणि प्लेटच्या दोन्ही बाजू कामाच्या.

```
T = n μ W Rm
समान दाब: W = π p (R1² − R2²)
          Rm = (2/3)(R1³ − R2³)/(R1² − R2²)
समान झीज: p r = C,  W = 2π C (R1 − R2)
          Rm = (R1 + R2)/2
```

समान दाब धरला तर बल ५०२७ न्यूटन, सरासरी त्रिज्या ८१.६७ मिमी आणि टॉर्क २४६ न्यूटन-मीटर येतो. समान झीज धरली तर बल ३७७० न्यूटन, त्रिज्या ८० मिमी आणि टॉर्क १८१. आता या आकड्यांकडे जरा थांबून पाहा. दोन त्रिज्यांमध्ये जेमतेम २ टक्क्यांचा फरक आहे, टॉर्कमध्ये मात्र २६ टक्क्यांहून जास्त. म्हणजे हा फरक मुख्यतः बलातून आलेला आहे. गणितात दाबाऐवजी स्प्रिंगचं बलच दिलं असतं, तर दोन्ही उत्तरं जवळपास सारखीच आली असती.

इथूनच सगळ्यात फसवी चूक होते. विद्यार्थी बल समान दाबाच्या सूत्राने काढतो, ५०२७, आणि त्रिज्या मात्र समान झिजेची घेतो, ८०. उत्तर येतं २४१. ते २४६ च्या इतकं जवळ असतं की शंकाच येत नाही. पण त्या बलाने C होतो २० न्यूटन प्रति मिमी, म्हणजे आतल्या कडेला दाब २० ÷ ६० = ०.३३. मर्यादा होती ०.२५. कागदावर बरोबर वाटणारं हे डिझाइन लायनिंगवर मर्यादेपेक्षा एक तृतीयांश जास्त दाब टाकतं. म्हणून टॉर्क काढून झाला की C ला आतल्या त्रिज्येने भागून दाब परत काढायचा. ही ओळ मी सर्वांना लिहायलाच लावतो.

आतल्याच त्रिज्येने का? झीज दाब आणि घासण्याचा वेग या दोघांच्या गुणाकारावर अवलंबून असते. बाहेरच्या कडेचा वेग जास्त, म्हणून नवीन प्लेट आधी तिथे झिजते आणि दाब आत सरकतो. सगळीकडे झीज सारखी होऊ लागली की दाब गुणिले त्रिज्या स्थिर राहतं, आणि सर्वात जास्त दाब आतल्या कडेला असतो. हे विसरून C काढताना १०० मिमी घेतले, तर टॉर्क ३०२ येतो. तो २४६ पेक्षा जास्त आहे, आणि चूक तिथेच पकडता येते: दाबाची मर्यादा तीच असताना समान झिजेचं उत्तर समान दाबापेक्षा मोठं येऊच शकत नाही. गणितात ‘सरासरी दाब’ दिला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा बल दोन्ही गृहीतकांत एकच, सरासरी दाब गुणिले क्षेत्रफळ.

बाकीच्या दोन चुका उत्तराच्या पटीवरून ओळखता येतात. उत्तर निम्मं आलं तर n = २ घ्यायचं राहिलं. दाब दिलेला असताना आठपट आलं तर त्रिज्येऐवजी व्यास टाकला. मात्र n दोन असला तरी बल दुप्पट करायचं नाही. प्रेशर प्लेटचं तेच बल प्लेटमधून फ्लायव्हीलपर्यंत पोहोचतं आणि दोन्ही बाजूंना काम करतं.

गाडीतल्या क्लचसाठी मी नेहमी समान झीज धरतो, कारण नवेपणा थोडेच दिवस टिकतो. पण ‘नवीन क्लच २४६ देत होता, झिजल्यावर १८१ वर आला, म्हणून घसरतोय’ असं कुणी म्हटलं तर ते चूक आहे. स्प्रिंग ३७७० न्यूटनचीच असेल, तर नव्या प्लेटचा टॉर्कही १८५ च्या आसपासच असतो. दाब आत सरकल्याने गेले फक्त ४ न्यूटन-मीटर. क्लच घसरत असेल तर कारण बलात किंवा घर्षणगुणांकात शोधावं. आधी पेडलचा फ्री प्ले पाहा. तो उरला नसेल तर रिलीज बेअरिंग स्प्रिंगचा काही जोर सतत खात असतं. मग लायनिंगवर तेल आलंय का ते बघा. गुणांक ०.३ वरून ०.२ वर आला, तर १८१ चे १२१ होतात. कॉइल स्प्रिंगचा क्लच असेल तर लायनिंगची जाडीही मोजा, कारण ती कमी झाली की स्प्रिंग सैल होते आणि बल उतरतं.