वेरूळच्या नकाशाचा फोटो आणि आई-बाबांचा दिवस

पर्यटन नकाशाच्या फोटोत दौलताबाद, खुलताबाद, घृष्णेश्वर आणि वेरूळ एका बोटाच्या अंतरावर दिसतात, म्हणून आई-बाबांना एका दिवसात फिरवून आणायच्या पहिल्या आखणीत चारही ठिकाणं बसली. चूक तिथंच झाली. असे नकाशे प्रमाणात नसतात. त्यात फोटो तिरका काढला की लांबची कड आवळली जाते. आणि नकाशात चढ दिसतच नाही: दौलताबाद हा एक ठिपका, पण वर जायला शेकडो पायऱ्या.

म्हणून फोटो मोठा करून प्रत्येक ठिपक्यापुढं पायऱ्या, सावली आणि स्वच्छतागृह लिहिलं. किल्ला गाडीतूनच पाहायचं ठरलं. लेणी मंगळवारी बंद असतात, तो वार टाळला. लेण्यांची तोंडं पश्चिमेला, त्यामुळं सकाळी समोर सावली असते. आधी प्रवेशद्वारासमोरचं १६ क्रमांकाचं कैलास, तेही खालचं अंगणच, मध्ये बसत बसत. नकाशात जैन लेणी, ३० ते ३४, शेजारीच वाटतात, पण ती किलोमीटरभर लांब आहेत. तिकडं चालत न्यायचं नाही, वाहन मिळालं तरच. मग जेवण, आडवं होणं, आणि ऊन उतरल्यावर घृष्णेश्वर. गुडघा बोलायला लागला, तर जैन लेणी आधी गाळायची.