एक ऑर्डर, तीन पार्सलं: हिशेब असा बसवला

तुर्भ्याहून आम्ही घरगुती सामान पाठवतो. खारघरच्या एका ऑर्डरमधला माल तीन पार्सलांत पाठवायचा होता आणि शीटमधल्या एकाच ओळीत काय लिहायचं, हेच कळेना. एक पार्सल पोहोचलेलं, एक वाटेत, तिसरं बांधायचं बाकी.

मग ऑर्डरऐवजी पार्सलला ओळ दिली: १०४२-१, १०४२-२, १०४२-३. सवलत वजा जाता माल २,७००, १,८०० आणि ९०० रुपयांचा. आगाऊ आलेले २,००० त्याच प्रमाणात वाटले: १,०००, ६६७ आणि उरलेले ३३३. शेवटच्या पार्सलला नेहमी उरलेली रक्कमच द्यावी, नाहीतर पूर्णांक करताना रुपया इकडेतिकडे होतो. दारात घ्यायचे १,७००, १,१३३ आणि ५६७.

डिलिव्हरी आणि पैसे यांचे रकाने मात्र वेगळेच हवेत. कुरिअरवाला रोख आज घेतो, आपल्या खात्यात ती काही दिवसांनी येते, तीही अनेक पार्सलांची एकत्र. दुसरं पार्सल परत आलं तेव्हा फक्त त्याचे १,१३३ येणं बाद झालं. आगाऊतले ६६७ ग्राहकाला परत केले.

ऑर्डरची स्थिती आता हाताने लिहीत नाही:

```
=IF(COUNTIFS(A:A,H2,E:E,"<>पोहोचले")=0,"पूर्ण","अर्धवट")
```

A मध्ये ऑर्डर क्रमांक, म्हणजे नुसतं १०४२, E मध्ये डिलिव्हरी आणि H2 मध्ये जी ऑर्डर बघायची तिचा क्रमांक. परत आलेलं पार्सल यात कायम ‘अर्धवट’ दाखवतं, म्हणून त्याची ओळ वेगळ्या शीटवर हलवतो.