एका फोटोवरून बोलका व्हिडिओ: ओठ मिटत नसतील तर या चुका टाळा

समजा, यवतमाळकडच्या एका कृषी सेवा केंद्राला गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यांवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ करायचा आहे. हाताशी मालकाचा एक फोटो आणि लिहिलेला मजकूर, एवढंच. फोटोला बोलतं करणाऱ्या अ‍ॅपमध्ये ते टाकलं की व्हिडिओ तयार होतो, पण चेहरा खोटा वाटतो. बहुतेक जण लगेच अ‍ॅप बदलतात. त्याआधी व्हिडिओ निम्म्या वेगाने लावा आणि फक्त ओठ पाहा. प, ब, भ, म म्हणताना माणसाचे ओठ मिटतातच. ‘बोंडअळी’चा ‘बो’ ऐकू येतोय आणि ओठ उघडेच आहेत, तर दोष बहुधा फोटोत आहे.

दात दाखवून हसतानाचा फोटो ही सर्वांत मोठी चूक. अ‍ॅप त्याच फोटोतले ओठ ताणून हलवतं. हसण्याने ओढलेले कोपरे आणि दिसणारे दात मागे राहतात, मग ओठ पूर्ण मिटत नाहीत. उलट ओठ मिटलेला, समोर पाहणारा फोटो दिला की तोंडाच्या आतला भाग अ‍ॅपला कल्पनेने भरावा लागतो, पण ते क्षणभरच दिसतं आणि खपून जातं. मिशी वरच्या ओठावर उतरली असेल तर फोटोपुरती विंचरून वर घ्या, ओठाची कड दिसली पाहिजे.

फोटो भर दुपारी वावरात काढू नका. नाकाखालची काळी सावली चेहऱ्याला चिकटलेली राहते आणि ओठांबरोबर ताणली जाते. सकाळी ओसरीत, उजेडाकडे तोंड करून काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन ओठांची कड पुसट होते. चेहराच किमान ५०० पिक्सेल रुंद असावा.

ओठ मिटतायत, तरी खोटं वाटतंय? मग आवाज तपासा. मजकुरात ‘8-10 पतंग/सापळा, 3 दिवस’ असं लिहिलं की यंत्राचा आवाज अडखळतो, चिन्हं भलतीच वाचतो. हिंदी आवाज निवडला तर ‘बोंडअळी’ची ‘बोंडअली’ होते, आणि शेतकऱ्याच्या ते लगेच कानात खुपतं. बोलतो तसं लिहा: “सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ ते दहा पतंग सापडले, तर फवारणीचं पाहा.” त्याहून चांगलं म्हणजे मालकाने स्वतःच मोबाइलवर आपल्या वऱ्हाडी वळणात वाचावं. तेव्हा पंखा आणि मोटर बंद ठेवा. ओठ आवाजावर चालतात, त्यामुळे घरघर आली की गप्प असतानाही ते थरथरतात.

मान हलवण्याचा पर्याय असेल तर कमीत कमी ठेवा. कानामागचं, टोपीखालचं काहीच एका फोटोत नसतं, म्हणून मान वळली की टोपीची कड वितळल्यासारखी दिसते. SadTalker या फोटो बोलता करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये यासाठी `--still` हा पर्याय आहे.

इतकं करूनही चेहरा १० सेकंदांपुढे सलग ठेवू नका, मानेचं तेच ते डोलणं ओळखू येतं. मधे आवाज चालू ठेवून सापळा आणि त्यात अडकलेले पतंग जवळून दाखवा.