एकत्र मॅच पाहताना मराठीत ओरडायचं कसं: वेल प्लेड, कम ऑन आणि अनलकी

2 नोव्हेंबर 2025. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाची फायनल, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. घरात दहा जण टीव्हीसमोर बसलेत असं समजा आणि याच मॅचवर हात बसवा.

आधी 'वेल प्लेड'. सांगलीची स्मृती मानधना 45 वर बाद होऊन परतते, तेव्हा म्हणा, "मस्त खेळलीस, स्मृती!" ही दाद पूर्ण खेळीला आहे. एकाच चौकाराला ती दिली तर खेळी संपल्यासारखं वाटतं; तिथे "काय मारलाय!" किंवा "एक नंबर!" हवं. टीव्हीवरच्या खेळाडूला आपण सर्रास अरे-तुरे करतो, म्हणून पुरुषाला 'खेळलास', बाईला 'खेळलीस'. सोसायटीच्या मैदानावर वयाने मोठ्या माणसाला मात्र "छान खेळलात, काका!" प्रतिस्पर्ध्याचं कौतुक बाजूच्याला सांगितल्यासारखं करावं. लॉरा वोल्वार्टने त्या दिवशी 101 धावा काढल्या. ती परतताना "खेळली हं पण!" एवढं म्हटलं की मनापासून दाद जाते.

'कम ऑन'साठी एकच शब्द शोधू नका, समोर काय चाललंय ते बघा. दीप्ती शर्मा रन-अपला वळली की "चल दीप्ती, येऊ दे!" अख्ख्या संघाला "चला, चला!" दुसरी धाव चोरायची असेल तर "पळ, पळ!" पंचांचा निर्णय पटला नाही तर "अरे, काय हे!" इंग्रजीत या सगळ्याला एकच आरोळी चालते, मराठीत क्रियापद बदलतं.

सगळ्यात जपून वापरायचं ते 'अनलकी'. 'कमनशिबी' किंवा 'दुर्दैवी' म्हणू नका. ते त्या माणसाच्या आयुष्याबद्दल बोलल्यासारखं होतं, आणि बातमीत 'दुर्दैवी' हा शब्द बहुधा अपघाताला लागतो. इथे बोलायचं असतं त्या एका चेंडूबद्दल: "अरेरे, थोडक्यात हुकलं!" चेंडू स्टंपला चाटून गेला, बॅटची कड घेऊन क्षेत्ररक्षकाच्या जरा पुढे पडला, अशा वेळी हे शोभतं. हातातला सोपा झेल सुटला तर थोडक्यात काहीच हुकलेलं नसतं. तिथे "जाऊ दे, पुढचा घे!" म्हणावं, खेळाडूला तेच उपयोगी पडतं.

याच फायनलमध्ये घाई नडली असती असा क्षण आहे. वोल्वार्टचा झेल अमनजोत कौरच्या हातातून उडाला, पुन्हा उडाला आणि तिसऱ्या प्रयत्नात तिने तो पकडला. पहिल्या उसळीलाच "अरेरे" म्हणणारा चुकला असता. चेंडू हवेत आहे तोवर फक्त "धर, धर, धर!" आणि मग सगळ्यांनी मिळून "घेतला!"

आणखी एक, सगळ्यांनी एकाच पडद्यावर बघा. मोबाइलवरचं प्रक्षेपण अनेकदा टीव्हीच्या काही सेकंद मागे असतं, त्यामुळे मोबाइल बघणाऱ्याला विकेट आधी दुसऱ्याच्या ओरडण्यातूनच कळते.