कंत्राटी डेव्हलपर सोडून जातोय? त्याचं खातं चार दिवस आधीच बंद करा

‘शेवटच्या दिवशी पासवर्ड बदला, लॅपटॉप परत घ्या, झालं.’ हा सल्ला देणाऱ्यांनी १ तारखेच्या सकाळी कधी फोन उचललेले नसतात. मी यवतमाळ-वाशीम भागातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांची संगणकाची कामं बघतो. तिथे आयटी विभाग नावाचं काही नसतं. एक व्यवस्थापक, एक हिशेबनीस, काट्यावर बसणारी एक ऑपरेटर ताई, आणि सगळं सॉफ्टवेअर सांभाळणारा एक कंत्राटी पोरगा. तो पोरगा पुण्याला निघाला की काय करायचं, ते एका उदाहरणावरून सांगतो.

कंपनी सोयाबीन आणि तूर खरेदी करते. वजनकाट्यावर माल चढला की पावती निघते, शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जातो, रात्री २ वाजता सगळ्या नोंदींचा बॅकअप होतो. सर्व्हर भाड्याचा, उबुंटूवर चालणारा. डेव्हलपरचं त्यावरचं खातं `dev2` धरू. त्याचं कंत्राट ३० सप्टेंबरला संपतंय, म्हणजे नेमकं सोयाबीनची आवक सुरू होण्याच्या तोंडावर.

एक मुख्य तिकीट काढा

त्याखाली तीन उपतिकिटं: प्रवेश काढणे, माहिती सोपवणे, कामं दुसऱ्याकडे देणे. मुख्य तिकीट जाणाऱ्याच्या नावावर ठेवू नका. प्रत्येक ओळीपुढे कोणी करायचं, कधीपर्यंत आणि झाल्याचा पुरावा काय, एवढं लिहा. ‘केलं’ हा शब्द पुरावा नाही. शेवटचं बिल अडवून ठेवायचा सल्ला काही जण देतात, तो मला पटत नाही. नंतर त्याच पोराला फोन करायची वेळ येते आणि तेव्हा तो उचलायला हवा असतो.

त्याच्या नावावरची तिकिटं

उघडी तिकिटं गाळून काढा, मेलेली बंद करा, उरलेली वाटून द्या. प्रत्येकात ‘कुठे अडलंय’ हे त्यालाच दोन ओळींत लिहायला लावा. एवढं सगळे करतात. विसरतात ते हे, की बऱ्याच तिकीट-प्रणालींत ठरावीक विषयाचं नवं तिकीट आपोआप ठरलेल्या माणसाकडे जातं. तिथे त्याचंच नाव राहिलं, तर महिनाभर तक्रारी गेलेल्या माणसाच्या खात्यात साचतात. एक चाचणी तिकीट टाका आणि ते कोणाकडे जातंय ते बघा.

माहिती सोपवणे

व्हिडिओ रेकॉर्ड करून ठेवलेला कोणी बघत नाही, आणि तालुक्याच्या गावात तो धड उघडतही नाही. जाणाऱ्याला काट्याच्या खोलीत बसवा, माउस मात्र राहणाऱ्याच्या हातात द्या. त्याने फक्त बोलायचं. परीक्षा एकच: राहणाऱ्या माणसाने कालचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवून त्यातून कालच्या एका शेतकऱ्याची पावती काढून दाखवायची. निघाली तर पुरावा म्हणून तीच पावती तिकिटाला जोडा. अडला, तर अडलं तिथून पुढचा अर्धा तास हीच खरी शिकवणी.

प्रवेश काढणे: घोळ इथे होतो

लोक समजतात की खातं बंद करणं म्हणजे एका माणसाला बाहेर काढणं. पण दोन वर्षं एकट्याने सांभाळलेल्या सर्व्हरवर त्या माणसाच्या नावाने कामं चालत असतात. खातं बंद झालं की ती कामंही थांबतात, बहुतेक वेळा काही न बोलता. उलट बाजूने, खातं बंद केल्यासारखं दिसतं आणि माणूस आत येतच राहतो. हे दोन्ही एकाच सर्व्हरवर एकाच वेळी होऊ शकतं, म्हणूनच मी इथे अडखळत असे.

म्हणून माझा ठाम आग्रह आहे की खातं ३० तारखेला बंद करू नका, २६ लाच करा. जे मोडायचं ते माणूस हाताशी असताना मोडू द्या. उरलेले चार दिवस त्याने दुसऱ्याच्या हातून काम करून घ्यावं. माहिती सोपवायची तर तेच हवं असतं. अपवाद एकच. माणसाला संशयावरून काढत असाल, तर आधी बंद करा आणि मोडलेलं मागून दुरुस्त करत बसा.

२६ च्या आधी, त्याच्या फोनवर ओटीपी येतो ती सगळी ठिकाणं बदला. डोमेनचं खातं, सर्व्हरच्या भाड्याचं खातं, मेसेजचे मजकूर जिथे मंजूर होतात ते डीएलटी पोर्टल. नोंदणी कंपनीच्या नावावर असते, पण नंबर पोराचा दिलेला असतो. तो समोर बसलेला असताना हे पाच मिनिटांचं काम आहे. तो गेल्यावर कंपनीचे कागद घेऊन अर्ज-विनंत्या कराव्या लागतात. कोणती खाती आहेत हे त्याला तोंडी विचारू नका. हिशेबनिसांकडून वर्षभराची ऑनलाइन बिलं घ्या, यादी त्यातून निघते.

मग त्याच्या नावाने सर्व्हरवर काय चालतंय ते बघा:

```
sudo crontab -l -u dev2
ps -u dev2
sudo grep -r "User=dev2" /etc/systemd/system
```

आमच्या उदाहरणात पहिल्याच ओळीने रात्री २ चा बॅकअप दाखवला. तो `dev2` च्या क्रॉनमध्ये होता. खात्याची मुदत संपवली की उबुंटूवर क्रॉन त्या खात्याची कामं चालवायला नकार देतं. स्क्रीनवर लाल अक्षरं येत नाहीत, नोंद फक्त लॉगमध्ये पडते. कळतं ते असं, की कोणीतरी फोल्डर उघडतो आणि विचारतो, “भाऊ, बॅकअप तं रोज होते म्हणे, मंग तारीख काऊन जुनी दिसून राह्यली?” तेव्हा आधी कंपनीच्या कामासाठी वेगळं खातं काढा, स्क्रिप्ट आणि तिला लागणाऱ्या फायली त्या खात्याकडे द्या, एक रात्र तिथून चालू द्या, आणि मगच जुनी ओळ काढा.

आता बंद करणं. `passwd -l dev2` करून निश्चिंत होणारे पुष्कळ भेटतात. त्याने फक्त पासवर्ड बंद होतो. उबुंटूच्या नेहमीच्या रचनेत एसएसएच चावीने येणारा माणूस तसाच आत येतो. खात्याची मुदतच संपवा:

```
sudo usermod --expiredate 1 dev2
who
```

दुसरी ओळ यासाठी, की आधीपासून आत असलेलं सत्र यामुळे तुटत नाही. ते वेगळं बंद करावं लागतं. `pkill -u dev2` ची घाई मात्र नको. काट्याची सेवा त्याच्याच नावाने चालत असेल तर भर आवकीत पावत्या थांबतील. वर `ps` चालवायला लावलं ते याचसाठी. काही भलतंच अडलं तर `sudo usermod --expiredate "" dev2` ने खातं पुन्हा उघडतं. `userdel -r` तर अजिबात नको, त्याच्या फोल्डरमध्ये पडलेल्या कामाच्या स्क्रिप्टही जातात. लॉग जपून ठेवा. सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार ते १८० दिवस ठेवायचेच आहेत.

एवढ्यावर तो बाहेर पडला असं समजू नका. सामायिक खात्यात त्याची चावी असते:

```
sudo find / -xdev -name authorized_keys -print -exec ssh-keygen -lf {} \;
```

यातून प्रत्येक चावीचा ठसा आणि शेवटी एक नाव दिसतं. त्या नावावर विसंबू नका, ते कोणीही काहीही लिहू शकतो. राहणाऱ्या प्रत्येकाला आपापल्या चावीचा ठसा आणायला सांगा आणि ज्याला वाली नाही ती चावी काढा. आमच्याकडे `ubuntu` खात्यात अशा दोन निघाल्या. एक पोराच्या जुन्या लॅपटॉपची होती, दुसरी कोणाची ते त्यालाही आठवेना. गिटहबवरही हेच. माणसाला काढलं तरी त्याने रिपॉझिटरीला जोडलेली डिप्लॉय की चालूच राहते, कारण ती माणसाला नाही, रिपॉझिटरीला बांधलेली असते. ती सेटिंग्जमध्ये जाऊन हाताने काढावी लागते. सर्व्हर तीच वापरत असेल तर आधी नवी जोडा.

मेसेजची एपीआय की बदला, कारण ती त्याने पाहिलेली आहे. यात त्याच्यावर अविश्वास नाही; त्याचा लॅपटॉप उद्या कोणाच्या हाती जाईल ते त्यालाही माहीत नाही. की सर्व्हरवरच्या फाइलमध्ये बदलून थांबू नका. काट्याच्या खोलीतल्या संगणकावर, नेट गेल्यावर मेसेज साठवून मागून पाठवणारा एक छोटा प्रोग्राम होता आणि जुनी की त्यातही होती. नेट असेपर्यंत सगळं ठीक दिसलं असतं. पहिल्यांदा लाइन गेली असती तेव्हा साठलेले मेसेज तिथेच अडकले असते. म्हणून की बदलल्यावर नेटची वायर काढून एक खोटी पावती करा, वायर जोडा, आणि मेसेज येतो का बघा.

शेवटी पोरालाच त्याच्या लॅपटॉपवरून तुमच्यासमोर आत यायला सांगा. `dev2` ने आणि `ubuntu` ने, दोन्हीकडून नकार आला पाहिजे. त्या नकाराचा फोटो आणि दुसऱ्या सकाळच्या बॅकअप फाइलची तारीख व आकार तिकिटाला जोडा. आकार बघायचाच. आदल्या दिवशीची फाइल भरलेली आणि आजची शून्य बाइटची असेल, तर बॅकअप झालेला नाही.

मुख्य तिकीट कधी बंद करायचं

३० तारखेला नाही. महिन्याकाठी एकदाच चालणारी कामं तोवर दिसलेलीच नसतात. या कंपनीत सभासदवार देयकांची गूगल शीट दर १ तारखेला आपोआप तयार व्हायची. त्यामागचा ॲप्स स्क्रिप्टचा ट्रिगर पोराच्या वैयक्तिक जीमेलवर होता. असा ट्रिगर ज्याने लावला त्याच्याच खात्याने चालतो आणि बिघडल्याचा ईमेलही त्यालाच जातो. शीटवरचा त्याचा प्रवेश काढला की देयकांची शीट बंद, आणि कंपनीत कोणाला पत्ताही नाही. ट्रिगर दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. शीटची प्रत कंपनीच्या खात्यात करा, ट्रिगर तिथून नव्याने लावा आणि जुना त्याच्याकडून काढून घ्या, नाहीतर दोन शीट तयार होऊन हिशेबनीस गोंधळतील.

मग १ ऑक्टोबरची शीट हिशेबनिसांनी उघडून सप्टेंबरच्या खरेदीच्या बेरजेशी जुळवायची आणि तिकिटात स्वतः ‘जुळली’ असं लिहायचं. तिन्ही उपतिकिटं बंद असतील आणि ही नोंद आलेली असेल, तरच मुख्य तिकीट बंद करा.