अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला हुशार कावळ्याची गोष्ट कशी सांगावी

कावळा ओळखीचा हवा. आमच्या ठाण्यात खिडकीत पोळीच्या तुकड्यासाठी येतो तो राखाडी मानेचा गावकावळाच घ्या. नाव मुलालाच ठेवू द्या. दिवसाचा भाग चार वाक्यांत उरका: काऊ मासळी बाजारात गेला, तिथे रमला, उशीर झाला, अंधार पडता पडता तलावपाळीच्या झाडावर पोचला. संध्याकाळी कावळे एका झाडावर जमतात, कलकलाट करतात आणि मग गप्प होतात, हे खरंच घडतं.

अवघड जागा यापुढची, गोष्टीत अंधार पडतो ती. इथे बहुतेक जण भूत आणतात आणि कावळ्याकडून पळवून लावतात. कृपा करून हे करू नका. भूत पळालं म्हणजे ते होतं, एवढं पाच वर्षांच्या मुलाला लगेच कळतं. ‘मग सूर्य उगवला आणि भीती गेली’ हेही नको. तुमच्या मुलाला आत्ता, याच अंधारात झोपायचंय. काऊची हुशारी अंधारातच चालली पाहिजे.

मी ती कानांनी चालवते. काऊला रात्री नीट दिसत नाही, पण ऐकू येतं. घर्रर्र! काऊ दचकतो, पण उडत नाही. तो विचारतो, “कुठून येतोय? थांबून परत येतोय का?” पुन्हा ऐकतो आणि म्हणतो, “हा तर सोसायटीचा पाण्याचा पंप!” मग टक्... टक्... ती वॉचमनकाकांची काठी. तिसरा आवाज तुम्ही काढायचा नाही. गप्प बसा आणि मुलाला खोलीतला आवाज शोधू द्या. पंख्याची खटखट, फ्रिजची घरघर, दूरच्या लोकलचा भोंगा, जे सापडेल ते काऊचं उत्तर. इथे घाईने स्वतःच सांगून टाकलंत तर सगळी मेहनत वाया जाते, कारण आवाज ओळखला तो तुम्ही, मुलाने नाही.

दिवा याच वेळी, मुलाला विचारून मंद करायचा. न सांगता कधीच घालवू नका. आवाज तीनच ठेवा. जास्त झाले तर मूल झोपायचं सोडून आवाज शोधत बसतं. ते उठून दाराकडे बघायला लागलं, तर तुमची घर्रर्र फार मोठी झाली असं समजा. आवाज खाली आणा आणि उत्तर लगेच देऊन टाका.

शेवटी काऊ शेजारच्या कावळ्याला चिकटून झोपतो, अंधार असतानाच.

कधी मूल असा आवाज सांगेल की तुम्हालाही ओळखता येणार नाही. तेव्हा काहीतरी ठोकून देऊ नका. “काऊ उद्या उजेडात शोधणार आहे,” म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन खरंच शोधा. आमच्याकडे तो बाल्कनीतल्या सैल पत्र्याचा निघाला. त्या रात्री गोष्टीत पंपाच्या जागी पत्रा आला.